ताशी किती?

बेळ्ळंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाचे निम्मे खर्च त्याला न विचारताच होतात. पाण्याचा टँकर येतो, सोसायटी तो परस्पर आपल्या नावावर टाकते. तळ्याकडून वारा सुटला की खिडक्या लावाव्या लागतात, मग एसी लागतो, मग वीजबिल येतं. त्यामुळे दर महिन्याला आपण नक्की कशाकशाचे पैसे भरतो, हे विचारायची सवयच इथल्या माणसाला राहत नाही. खात्यातून पैसे गेले की कशाचे तरी असतील, असं म्हणून तो इब्लूरच्या सिग्नलला जाऊन उभा राहतो.

आमच्या घरात हा प्रश्न निघाला तो एका रविवारी रात्री. जेवणं झाल्यावर चौघांनी मिळून सिनेमा बघायचा असं ठरलं. पाऊण तास आम्ही नुसती पोस्टरं बघितली. आईला मारामारी नको होती, चिरंजीवांना जुनं नको होतं, बायकोला आधी पाहिलेलं नको होतं. मला काहीही चालणार होतं, पण 'काहीही' या नावाचा सिनेमा कुठल्याच ॲपवर नव्हता. शेवटी यूट्यूबवर विहिरीत पडलेल्या बिबट्याला गावकरी खाट सोडून वर काढत होते, ते आम्ही एकमताने आणि शेवटपर्यंत बघितलं. बिबट्या वर आल्यावर आईने टाळ्यासुद्धा वाजवल्या. ते फुकट होतं.

"या बाकीच्या सगळ्यांचे मिळून आपण भरतो तरी किती?" बायकोने विचारलं.

"असतील पाचेकशे."

"पाचशे एकट्या नेटफ्लिक्सचेच आहेत."

आम्ही दोघंही आयटीतले. मी टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. ती प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे माझ्यासारख्यांकडून तासातासाचा हिशेब मागते. त्यामुळे उपाय काय निघणार हे ठरल्यातच जमा होतं. एक्सेल उघडायचं, पहिल्या रकान्यात ॲपचं नाव, दुसऱ्यात महिन्याची किंमत, तिसऱ्यात महिन्यात प्रत्यक्ष बघितलेले तास आणि चौथ्यात `=B2/C2`. ताशी दर ज्याचा जास्त, त्याला नारळ. चार ओळींचं काम होतं. जुलै महिन्याचा हिशेब धरायचा असं ठरवून आम्ही निवांत झोपलो.

पहिली अडचण किमतीच्या रकान्यातच आली. आपण काय भरतो हे एका ठिकाणी कुठेच लिहिलेलं नसतं. एक ॲप क्रेडिट कार्डावर होतं, तीन यूपीआयच्या ऑटोपेवर, एक चिरंजीवांनी माझ्या फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलेलं, आणि एक ब्रॉडबँडच्या बिलात 'सोबत मोफत' म्हणून आलेलं. चारही ठिकाणच्या याद्या काढून शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की आईचं मालिकांचं ॲप ब्रॉडबँडसोबत फुकट येत होतं आणि त्याचेच वर्षाला ६९९ रुपये आम्ही वेगळेही भरत होतो.

"म्हणजे एकच मालिका आपण दोनदा विकत घेतो?" बायको म्हणाली.

"मी दोनदा बघते पण," आई म्हणाली. "दुपारी एकदा, आणि रात्री तुझ्या सासऱ्यांना फोनवर सांगते तेव्हा एकदा."

पैसे गुपचूप जातात असंही नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे आपोआप पैसे कापायच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवायला हवं. बँका इमानेइतबारे कळवतात. फक्त तो मेसेज येतो तो आधीच मंजूर झालेलं कर्ज, वाट बघणारं पार्सल आणि सरजापूर रोडवरच्या थ्री बीएचकेची अखेरची संधी, या तिघांच्या मधोमध. आपण चौघांनाही एकाच बोटाने डावीकडे ढकलतो. शिवाय एकदा सुरुवातीला मंजुरी दिली की १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा ओटीपी लागत नाही. गप्प बसला तो राजी, हा लग्नातला नियम इथेही लागू आहे.

वर्षाच्या वर्गण्यांना बाराने भागलं आणि यादी अशी झाली: नेटफ्लिक्स ४९९, प्राइम वर्षाला १,४९९ म्हणून महिन्याला १२५, जिओहॉटस्टार वर्षाला ८९९ म्हणून ७५, आईचं ॲप ५८, आणि एक पाचवं ॲप ८३. हे पाचवं काय आहे ते कोणालाच आठवेना. पूर्वी कधीतरी एका गाजलेल्या मालिकेसाठी घेतलं होतं. मालिका संपली, वर्गणी वर्षामागून वर्षं स्वतःहून चालू राहिली. बेरीज महिन्याला ८४०, वर्षाला दहा हजारांच्या थोडी वर. मी 'पाचेकशे' म्हणालो होतो, त्याची आठवण मला नंतर बरेच दिवस करून दिली जात होती.

आता तास. इथे नेटफ्लिक्सने आमची चांगलीच सोय केली आणि घरात भांडणही लावून दिलं. तिथे बघितलेल्या गोष्टींची एक साधी यादी मिळते, पण तिच्यात फक्त नाव आणि तारीख असते. पाच मिनिटांत कंटाळून बंद केलेला सिनेमा आणि रात्रभर जागून संपवलेली मालिका, दोन्ही तिथे एकेका ओळीत बसतात. तास हवे असतील तर अकाउंटमध्ये जाऊन स्वतःची सगळी माहिती मागवायला लागते. मग एक झिप फाइल तयार होऊन मिळते आणि तिच्यात `ViewingActivity.csv` या नावाचं एक लांबलचक भेंडोळं असतं. कोणत्या प्रोफाइलवर, कधी, किती वेळ, कुठल्या यंत्रावर, सगळं त्यात असतं. चित्रगुप्ताकडे सीएसव्हीची सोय असती तर त्याने हेच रकाने ठेवले असते.

बायकोने फाइल उघडली आणि पहिल्याच मिनिटाला माझ्याकडे वळली.

"मंगळवारी संध्याकाळी पाच चाळीसला तू मालिका बघत होतास?"

"शक्यच नाही. मंगळवारी पाच चाळीसला मी रिव्ह्यूमध्ये होतो."

"इथे लिहिलंय. `17:40`. बुधवारी पण. गुरुवारी पण."

मी सगळ्या कुलदैवतांचा धावा केला. अखेर टेस्टिंगमधली इतक्या वर्षांची नोकरी कामी आली. त्या फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे लंडनच्या थंडीतली घड्याळवेळ होती. आपल्याकडची काढायला तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. मी विजयी मुद्रेने मिळवले. १७:४० ची झाली रात्रीची अकरा दहा.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार रात्री अकराला तुझा अमेरिकेबरोबर जो कॉल असतो, तो हा."

हिशेबाला पारदर्शकता हवी असते म्हणतात. ती आल्यावर कोणी कुठे बघायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

जुलैची बेरीज आली ४६ तास. म्हणजे ४९९ भागिले ४६, तासाला साधारण पावणेअकरा रुपये. स्वस्तच वाटलं. पण टेस्टरच्या मनाला शांतता कसली? मी भेंडोळं नीट चाळलं. त्यात 'सप्लिमेंटल' नावाचा एक रकाना होता. आपण पोस्टरवर थांबलो की आपोआप सुरू होणाऱ्या झलका तिथे वेगळ्या नोंदवलेल्या होत्या. रविवारी रात्रीचा आमचा पाऊण तास असा कणाकणाने त्यात विखुरला होता. ते सगळे मिळून दोन तास निघाले, वजा केले. मग दिसले माझे अकरा दहावाले भाग. मी पहिल्या भागाच्या पंधराव्या मिनिटाला झोपतो, हे घरात सर्वमान्य आहे. पुढचे भाग आपापले सुरू होत राहतात. ओळीने काही भाग कोणी रिमोटला हात न लावता गेले की "तुम्ही अजून बघताय ना?" असा प्रश्न पडद्यावर येतो. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घोरण्यातून नीट ऐकू येत असणार, पण टीव्हीला ते ऐकायची सोय नाही. ज्या रात्रीची नोंद पडद्यावर असा प्रश्न येऊन अडकावी तशी सलग भागांनंतर एकदम थांबलेली होती, ती रात्र मी झोपेची धरली. झोपेचे एकूण १६ तास निघाले.

उरले २८. दर झाला १७ रुपये ८२ पैसे.

"पण त्यातले बहुतेक तास आपण दोघांनी बघितलेत," बायको म्हणाली. "माणसी तास धर. एक सिनेमा दोन तासांचा आणि बघणारी माणसं दोन, तर चार तास. आमच्या प्रोजेक्टात तसंच धरतात."

"आमच्यात एकाच कामावर दोघांना बसवलं तर चौकशी होते."

ती माझ्यापेक्षा वरच्या पदावर असल्यामुळे माणसी तास धरले. २८ चे ५० झाले आणि दर आला ९ रुपये ९८ पैसे. म्हणजे झोपेत जे घालवलं होतं ते सारं माणसं वाढवून परत मिळालं, वर थोडं जास्तच. चिरंजीवांनी विचारलं की मांजर पण सोफ्यावर असतं, ते धरायचं का. मांजर शेजारच्यांचं असल्यामुळे नाही धरलं.

बाकीच्या ॲपांना अशी फाइल कुठून मागवायची हे मला सापडलं नाही, म्हणून फ्रिजवर एक वही लटकवली. ज्याने जे बघितलं ते तारीख, ॲप आणि वेळ घालून लिहायचं. चिरंजीव मिनिटांत लिहीत, कारण 'दोन तास' पेक्षा '१२० मिनिटं' लिहिलं की अभ्यासाच्या मानाने कमी वाटतं असा त्यांचा समज होता. आईच्या नोंदी अशा: 'दुपारी थोडंसं', 'संध्याकाळी नेहमीचं', 'आज लाइट गेले, पण नंतर बघितलं'. 'थोडंसं' म्हणजे किती, हे शेवटी मी स्वतः एक दिवस घरून काम करताना मोजलं. ते तीन तास निघाले.

आईच्या ॲपचा ताशी दर आला ६४ पैसे. घरात इतकं स्वस्त दुसरं काही नाही. तेवढ्या पैशांत टँकरवाला पाइपसुद्धा उलगडणार नाही. आईने तो आकडा स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला आणि 'हे बघ, सगळ्यात काटकसरी मी' असं म्हणून पुण्याला मावशीला पाठवला.

प्राइमच्या ओळीवर दोन दिवस चर्चा झाली. वर्गणी एकच, पण तिच्यात सिनेमे येतात आणि सामानाची फुकट, लवकर घरपोच सेवाही येते. मग १२५ रुपयांतले सिनेमाचे किती? मी म्हटलं निम्मे-निम्मे धरू. बायको म्हणाली, आपण ते घरपोच सामानासाठीच घेतलंय, सिनेमा वरचा. म्हणजे सिनेमाचे शून्य, ताशी दरही शून्य. माझं म्हणणं, घरपोच सामान आपण एरवीही पाचशेच्या वरच मागवतो, तिथे फुकटच येतं. म्हणून सगळे पैसे सिनेमाचे धरायचे. महिन्यात बघितलेले तास पाच, म्हणजे तासाला २५. आई ऐकत होती. तिने शेंगा मोडता मोडता निकाल दिला, "साडीवर फॉल फुकट लावून मिळाला, तर फॉलचे पैसे कोणी वेगळे काढतं का?" निकाल बायकोच्या बाजूने लागला. त्यातच १७ जून २०२५ पासून तिथे मधेमधे जाहिराती सुरू झाल्या होत्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ भरायचे. जाहिरात बघण्यात गेलेला वेळ आपल्या बघण्याच्या तासांत धरायचा की आपण त्यांना दिलेल्या तासांत, हा प्रश्न मी काढला. तो वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

इथवर सगळं ठीक होतं. गंमत सुरू झाली ती तक्ता फ्रिजवर लावल्यावर. कुठल्या ॲपला नारळ मिळणार हे सगळ्यांना दिसू लागलं आणि जो तो आपापल्या ॲपच्या बचावाला धावला. चिरंजीव टॅबवर कार्टून आवाज बंद करून चालू ठेवू लागले आणि शेजारी बसून गणितं सोडवू लागले.

"हे काय चाललंय?"

"रेट खाली आणतोय, बाबा."

आईने सकाळच्या पोथीच्या वेळेलाही मालिका लावून ठेवली. पोथी संपेपर्यंत दोन सुना परागंदा झाल्या. मी स्वतः, कबूल करायला हरकत नाही, इस्त्री करताना एका परदेशी केक स्पर्धेचे अख्खे दोन सीझन लावून टाकले. मला केक करता येत नाही, खाता येत नाही (शुगर), आणि इंग्रजी उच्चारांमुळे कोण जिंकलं तेही कळलं नाही. पण तासाचा दर सात रुपयांवर आला आणि मला एखादं टेंडर मिळवल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात बायकोने चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' बघितला, दिवे मालवून, फोन बाजूला ठेवून. नंतर दोन दिवस ती त्यातल्या गुरूबद्दल बोलत होती. तक्त्यात त्याला दोन तास मिळाले. केकला चौदा.

"तुझ्या या तक्त्यात केक सातपट मोठा सिनेमा आहे," ती म्हणाली.

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"बोलतात. इस्त्री करताना बोलतात."

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ हा तक्ता बघून हसले. त्यांच्याकडे नऊ ॲपं आहेत आणि त्यांचं तत्त्वज्ञान सुटसुटीत आहे. मल्टिप्लेक्सला चौघं गेलं की तिकिटांचे बाराशे, पॉपकॉर्न आणि पाण्याचे आठशे. अडीच तासांचे दोन हजार, म्हणजे ताशी आठशे. "त्यापुढे हे सगळं फुकटच की, सर!" असं म्हणून त्यांनी दहावं घेतलं. आठशेला तराजूच्या एका पारड्यात टाकलं की दुसऱ्या पारड्यात काहीही टाका, ते स्वस्तच ठरतं. त्यांना विचारलं, शेवटचं मल्टिप्लेक्सला कधी गेला होतात? तर करोनाच्या आधी.

पाचव्या ॲपच्या ओळीत मात्र वेगळाच चमत्कार होता. किंमत ८३, तास शून्य. एक्सेलने तिथे `#DIV/0!` असं लिहिलं होतं.

"हे कुठलं चॅनल?" आईने विचारलं.

ते बंद करणं सगळ्यात सोपं असायला हवं होतं, कारण त्याच्या बाजूने बोलणारं घरात कोणी नव्हतं. ॲप तर मी फोनवरून कधीचं काढून टाकलं होतं. मला वाटलं होतं, ॲप काढलं की प्रकरण मिटलं. ॲप काढल्याने फक्त ॲप जातं. वर्गणी तिच्या जागी शाबूत राहते. ती बंद करायला ॲप पुन्हा घ्यावं लागलं. तिथे शिरायला पासवर्ड हवा, पासवर्ड बदलायला ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार होता पुण्याच्या त्या नंबरवर, जो मी बेंगळुरूला आल्या आल्या सोडला होता. तो नंबर आता कोणाकडे आहे ते मला माहीत नाही. कुठल्या तरी कोथरूडच्या माणसाला त्या दिवशी माझे चार ओटीपी गेले असतील.

कसाबसा आत शिरलो तर 'वर्गणी चालू ठेवा' हे बटण हिरवंगार, तळहाताएवढं. आणि 'बंद करा' हे राखाडी अक्षरांत, पानाच्या तळाशी, तळटीप असावी तसं. ते दाबल्यावर त्याने विचारलं, खरंच जाताय? मग विचारलं, का जाताय? मग म्हणालं, तीन महिने निम्म्या किमतीत राहा. मग एक रडका चेहरा दाखवून म्हणालं, 'नाही, मला मनोरंजन नको' असं बटण दाबा. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा क्लृप्त्यांविरुद्ध नियम केले आहेत. तेरा प्रकार नावानिशी सांगितलेत. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं आणि नकार देणाऱ्याला लाजवणं, हे दोन्ही त्यात आहेत. माझ्या एका ॲपने ते दोन्ही एकाच पानावर बसवले होते, आणि उरलेल्या अकरांची वाट मी बघितली नाही. बँकेच्या साइटवर जाऊन त्या आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची मंजुरीच रद्द करून टाकली. तिथे रडका चेहरा नव्हता. बँकेला आपल्या जाण्याचं एवढं वाईट वाटत नाही.

या झटापटीत एक उपयोगाची गोष्ट कळली. वर्गणी बंद केली तरी भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप सहसा चालूच राहतं. म्हणजे ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी पुढचं आपोआप नूतनीकरण बंद करून टाकावं आणि महिनाभर निवांत बघावं. आमच्या ऑफिसातला एक कन्नडिगा पोरगा नेटफ्लिक्सचं असंच करतो. वर्षातून दोन-तीन महिने घेतो, साठलेलं सगळं बघून टाकतो, बाकीचे महिने बंद. त्याचा ताशी दर आमच्या दराच्या पाव आहे. तो अविवाहित आहे, आणि त्याच्या घरी मराठी मालिका बघणारी आई नाही.

शेवटी उरलं जिओहॉटस्टार. तिथे मला माझा मोठा विजय दिसत होता. ते आम्ही आयपीएलसाठी घेतलं. २०२५ ची आयपीएल २२ मार्चला सुरू झाली, मे महिन्यात आठवडाभर थांबली, तरी ३ जूनला संपली. त्या रात्री बेंगळुरूने अठरा वर्षांनी पहिल्यांदा कप जिंकला आणि आमच्या सोसायटीत ज्यांना ऑफसाइड आणि लेगसाइड कळत नाही तेही फटाके घेऊन गच्चीवर गेले. एकूण ७४ दिवस. म्हणजे तीन महिन्यांची तेव्हाची २९९ ची योजना घेतली असती तरी सगळे सामने बसले असते, वर दोन आठवडे उरले असते. आपण भरले ८९९. सहाशे रुपये निव्वळ आळसाचे. फ्रिजवरच्या वहीत जुलैमध्ये त्याच्या नावापुढे एकही नोंद नव्हती. दुसऱ्यांदा `#DIV/0!`.

"पुढच्या मार्चपासून फक्त तीन महिने," मी जेवताना जाहीर केलं.

आई गप्प राहिली. आई जेवताना गप्प राहिली की काहीतरी असतं.

रात्री मी ॲप उघडलं तर 'पुढे बघा' या ओळीत एक कन्नड मालिका. भाग दोनशेच्या पुढचा. आमच्या घरात कन्नड कोणालाच येत नाही. चिरंजीवांना शाळेतलं येतं, तेही परीक्षेपुरतं.

"आई, हे कोण बघतं?"

"अक्का बघते. सकाळी अकरा ते बारा."

अक्का म्हणजे आमच्याकडे पोळ्या-भाजी करणाऱ्या बाई. हारलूरहून येतात, सहा घरं करतात, आणि सहाही घरांचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात असतं.

"मग वहीत लिहिलं का नाहीस?"

"तू म्हणालास आपापलं लिहा. मी कुठे बघते? मी नुसती बसलेली असते."

नुसत्या बसलेल्या आईने मग मला त्या मालिकेची सगळी गोष्ट सांगितली. थोरल्या सुनेने दागिने लपवलेत, धाकटीवर आळ आलाय, सासऱ्यांना सगळं माहीत आहे पण त्यांना अर्धांगवायू झालाय म्हणून बोलता येत नाही. कन्नड न येता हे कसं कळतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "त्यात न कळण्यासारखं काय आहे? आपल्यात पण हेच चाललंय." 'आपल्यात' म्हणजे ६४ पैसेवालीत, हे कळायला मला एक क्षण लागला. शिवाय या निमित्ताने आईला 'साकु' आणि 'ऊटा आयता?' म्हणता येऊ लागलंय आणि लिफ्टमधल्या आज्या तिच्याशी बोलू लागल्यात.

मी हिशेब केला. महिन्याचे साधारण २२ तास, ७५ रुपये, म्हणजे ताशी तीन रुपये चाळीस पैसे. माणसी तास धरले तर एक सत्तर. प्राइमचं शून्य सोडलं तर दोन नंबरचं स्वस्त. तरीही सहाशे रुपये ते सहाशे रुपये, म्हणून मी अक्कांना सांगून बघितलं की वर्गणी संपली की हे बंद होईल. अक्कांनी पोळी उलटली, माझ्याकडे बघितलं नाही आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, नाळे बरल्ला."

उद्या येणार नाही. बेळ्ळंदूरमध्ये या दोन शब्दांची ताकद काय आहे, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. बायको स्वयंपाकघरात आली, तिने अक्कांशी अर्धं हिंदी, अर्धं हातवारे अशा भाषेत बोलून तोडगा काढला, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "८९९ राहू दे. नवी बाई शोधायला लागली तर एजंट एका महिन्याचा पगार घेतो. तो भागिले २२ कर."

मी केला. मग काही बोललो नाही.

तक्त्यात मी अक्कांचा रकाना वाढवला. गेल्या सोमवारी त्या दारात चपला घालता घालता थांबल्या. मालिकेत मधेमधे जाहिराती येतात, त्यात दहा मिनिटं जातात आणि पुढच्या घरी उशीर होतो, अशी त्यांची तक्रार होती. जाहिराती न येणारी योजना सरांकडे नाही का? आहे, पण जास्त पैशांची, मी म्हटलं. बायको तेवढ्यात लॅपटॉप उघडून बसलीही होती. रोजची दहा मिनिटं, महिन्याचे बावीस दिवस, त्या वेळात किती पोळ्या होतात ते ती अक्कांना विचारत होती.